व्होल्टेअरच्या नावावरचे एक वाक्य



मघाच्या चर्चेत आपल्या एका माजी विद्यार्थ्याने विचारस्वातंत्र्याची बाजू फार समर्थपणे मांडली. तुमचे मत मला मान्य नसले तरी ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राणपणाने झगडेन, या आशयाचे व्होल्टेअरचे म्हणून प्रसिद्ध असलेले वाक्य त्यांनी आधारास घेतले. त्यांच्या प्रतिपादनाशी मी सहमत आहे. शंका आहे ती केवळ त्या नावापुरती. आणि हे वाक्य त्याच नावाने वर्गात सांगण्यात माझीही बरीच वर्षे गेली आहेत, हे आधीच कबूल करतो.

हे वाक्य व्होल्टेअरच्या लेखनात सापडत नाही. ते आले आहे 'द फ्रेंड्स ऑफ व्होल्टेअर' या १९०६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथातून. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव एस. जी. टॅलेन्टायर असे आहे. ते एव्हलिन बिअट्रिस हॉल या इंग्रज विदुषीचे टोपणनाव. त्यातील हेल्व्हेशियसवरील प्रकरण पाहावे. या फ्रेंच विचारवंताचा 'द लेस्प्री' हा ग्रंथ १७५८ मध्ये निघाला आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये जाहीरपणे जाळण्यात आला. व्होल्टेअरला तो ग्रंथ फारसा रुचला नव्हता. पण एवढ्याशा गोष्टीसाठी केवढा हा गहजब, असे त्याला वाटले. त्याची ही वृत्ती हॉलबाईंनी एका वाक्यात साठवली. वाक्य प्रथमपुरुषी, त्यात अवतरणचिन्हे घातलेली! वाचकांनी ते व्होल्टेअरचेच मानले, यात त्यांचा दोष तो किती? मात्र त्या चिन्हांना लागूनच, ही त्याची त्या वेळची भूमिका होती, असे बाईंनी म्हटले आहे. हे चार शब्द गळले आणि वाक्य तेवढे जगभर फिरत राहिले.

पुढे खुद्द बाईंनीच खुलासा केला. हे शब्द आपले आहेत, व्होल्टेअरचे नव्हेत, आणि ती अवतरणचिन्हे घालायला नको होती, अशा अर्थाचे त्यांचे १९३९ सालचे पत्र 'मॉडर्न लँग्वेज नोट्स' या नियतकालिकात १९४३ मध्ये छापून आले.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. वाक्य व्होल्टेअरचे नाही म्हणून तो विचार त्याला परका होता, असे ठरत नाही. बाईंनी त्याची वृत्ती टिपली, ती त्याच्या चरित्राचा अभ्यास करूनच. व्होल्टेअरचाच आधार हवा असेल, तर कालास प्रकरण घ्यावे. जाँ कालास या प्रॉटेस्टंट व्यापाऱ्याला १७६२ मध्ये तुलूज येथे देहान्त शासन झाले. व्होल्टेअरने त्यासाठी लेखणी झिजवली, १७६३ मध्ये सहिष्णुतेवरील ग्रंथ लिहिला, आणि १७६५ मध्ये मृत कालास निर्दोष ठरला. मतस्वातंत्र्यापेक्षा हा प्रश्न धर्मद्वेष आणि न्याय यांचा अधिक होता खरा. पण ही कृती निर्विवादपणे त्याचीच.

ही चर्चा पुस्तिकेत छापली जाणार असल्याचे समजते. संपादकांना विनंती, की आपल्या मित्राचे वाक्य गाळू नये. 'व्होल्टेअर म्हणतो' याऐवजी 'व्होल्टेअरची भूमिका सांगताना हॉल लिहितात' एवढाच बदल करावा. युक्तिवाद आहे तसाच राहील.