एक नाव, तीनशे कंपन्या
(मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही हिशेब तपासणारी माणसे. आमच्याकडे निवृत्तीचे पैसे गुंतवायला आलेली मंडळी बहुधा एकच गोष्ट विचारतात : “कंपनी कुणाची?” एखाद्या मोठ्या समूहाचे नाव निघाले की त्यांचे समाधान होते. हे समाधान कितपत खरे, ते आज पाहू.

त्यासाठी आयएल अँड एफएसचे उदाहरण घेऊ. १९८७ मध्ये सेंट्रल बँक, युनिट ट्रस्ट आणि एचडीएफसी यांनी मिळून मुंबईत ही संस्था काढली. आपल्यालाही ती परकी नाही. पावागडला जाताना लागणारा हालोलचा टोल-रस्ता तिने गुजरात सरकारच्या भागीदारीत उभा केला, तोही त्या रस्त्यासाठी वेगळी कंपनी काढून. यात वावगे काही नाही. रस्त्याचे कर्ज रस्त्याच्या टोलमधून फिटावे आणि एक रस्ता बुडाला तर दुसरा बुडू नये, म्हणून प्रत्येक प्रकल्पाची कंपनी निराळी ठेवतात. अशा करता करता समूहात तीनशेहून अधिक कंपन्या झाल्या.

यातली उपकंपनी कोणती, हे कायदा कसे ठरवतो? २०१३ च्या कंपनी कायद्यात दोन कसोट्या आहेत. एक, निम्म्याहून अधिक मतदानाचा हक्क आपल्या हातात असणे. दोन, संचालक मंडळाची घडण आपल्या हातात असणे, म्हणजे बहुसंख्य संचालक नेमण्याचा किंवा काढण्याचा अधिकार आपल्याकडे असणे. यांपैकी एक लागू पडली तरी ती उपकंपनी झाली आणि वरची झाली होल्डिंग कंपनी. उपकंपनीची उपकंपनीसुद्धा वरच्याच कंपनीची उपकंपनी धरतात.

‘निम्म्याहून अधिक’ हे शब्द जपून वाचायचे. गांधीनगरजवळची गिफ्ट सिटी उभारणारी कंपनी सुरुवातीला गुजरात सरकारचे नगरविकास महामंडळ आणि आयएल अँड एफएस यांच्यात निम्मीनिम्मी होती. नेमके निम्मे म्हणजे निम्म्याहून अधिक नव्हे. मतांच्या कसोटीवर अशी कंपनी कुणाचीच उपकंपनी ठरत नाही. मग संचालक कोण नेमतो, हे करारात पाहावे लागते.

हिशेबाच्या नियमांत, म्हणजे इंड-एएस ११० मध्ये, आणखी खोलात जातात. तिथे प्रश्न असे असतात : महत्त्वाचे निर्णय कोण घेतो, नफ्यातोट्याची झळ कुणाला लागते, आणि आपल्या वाट्याला येणारे त्या सत्तेच्या जोरावर कमीजास्त करता येते का? बाकीचे भागधारक विखुरलेले असतील तर चाळीस टक्केवालाही मालकासारखा वागू शकतो.

आता आयएल अँड एफएसच्या माथ्यावर पाहा. सर्वांत मोठा भागधारक एलआयसी, तिच्याकडे सुमारे चौथा हिस्सा. त्याखालोखाल जपानची ओरिक्स, तिचा हिस्सा चौथ्याहून थोडा कमी. निम्म्याच्या वर कुणीच नाही. म्हणजे खाली शेकडो लेकरे, पण वर विचारणारा बाप नाही. समूह प्रत्यक्षात चालवत होते ते व्यवस्थापक, आणि तीच मोजकी माणसे खालच्या अनेक कंपन्यांच्या संचालक मंडळांवरही बसत होती.

एकच माणूस दोन्हीकडे बसला तर बिघडते काय? एक कल्पित हिशेब मांडू. ‘क’ कंपनीकडे ‘ख’चे साठ टक्के आहेत आणि ‘ख’कडे ‘ग’चे साठ टक्के. ‘ग’वर ‘क’ची हुकमत पूर्ण आहे, पण ‘ग’च्या शंभर रुपये नफ्यात ‘क’चा खरा वाटा छत्तीस रुपयांचा, कारण साठाचे साठ टक्के छत्तीस. आता ‘ग’ने अकराशेची वस्तू ‘क’ला हजारात विकली. ‘क’ला शंभर मिळाले, ‘ग’च्या तोट्यातले तिच्या अंगावर आले छत्तीस. उरलेले चौसष्ट ‘ग’च्या बाहेरच्या भागधारकांच्या चाळिसातून आणि ‘ख’च्या बाहेरच्या भागधारकांच्या चोविसातून गेले. साखळी जितकी लांब, तितका हा मोह मोठा. म्हणूनच २०१७ पासून, काही अपवाद सोडता, होल्डिंग कंपनीखाली उपकंपन्यांचे दोनच थर ठेवता येतात.

हे रोखायचे कुणी? ‘ग’च्या संचालकांनी. त्यांना नेमले ‘क’ने असले, तरी त्यांचे कायदेशीर कर्तव्य ‘ग’शी आहे. पण ज्याने खुर्ची दिली त्यालाच नाही म्हणायला धारिष्ट लागते. म्हणून त्या मंडळावर स्वतंत्र संचालक आहे का आणि आपसातल्या व्यवहारांची तपासणी कुणी केली, हे पाहायचे.

व्याख्येचा खेळही इथेच होतो. समूहाची आयफिन नावाची कर्ज देणारी उपकंपनी होती. अशा कंपनीने आपल्याच समूहाला ठरावीक मर्यादेबाहेर कर्ज दिले, तर तेवढी रक्कम तिच्या स्वनिधीतून वजा करायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पैसे घरातल्या घरात फिरवून तब्येत चांगली दाखवता येऊ नये, हा त्याचा हेतू. आयफिन ‘आपला समूह’ या शब्दांचा अर्थ अरुंद लावत होती, त्यामुळे अनेक भावंड-कंपन्या हिशेबातून सुटत होत्या. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत त्या धरल्या गेल्या, तेव्हा आयफिनचा स्वनिधी उणे निघाला. पैसे तेच आणि कर्जे तीच, फक्त घरातले कोण आणि बाहेरचे कोण याचे उत्तर बदलले.

२०१८ च्या उन्हाळ्यानंतर एकेका कंपनीचे हप्ते चुकू लागले. १ ऑक्टोबर २०१८ ला सरकारने राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडून जुने संचालक मंडळ बाजूला करवून उदय कोटक यांच्या अध्यक्षतेखाली नवे नेमले. समूहाचे कर्ज नव्वद हजार कोटींच्या वर होते. नव्या मंडळाने देशातल्या कंपन्यांची तीन रंगांत विभागणी केली. सगळी देणी वेळेवर भागवू शकतील त्या हिरव्या. रोजचा खर्च आणि पहिल्या हक्काचे तारण असलेली कर्जे एवढेच भागवू शकतील त्या पिवळ्या. तेवढेही जमणार नाही त्या लाल.

या रोख्यांत अनेक नोकरदारांच्या भविष्य निर्वाह निधीचे पैसे होते. रोखे घेताना त्या निधींच्या विश्वस्तांनी नाव पाहिले होते, पतमानांकनही काही महिन्यांपूर्वीपर्यंत अव्वल होते. पण नाव एकच असूनही हिरव्या कंपनीच्या देणेकऱ्याचा आणि लाल कंपनीच्या देणेकऱ्याचा अनुभव सारखा झाला नाही. कायद्याने प्रत्येक कंपनी वेगळी व्यक्ती आहे. लेखी हमी दिली नसेल तर वरची कंपनी खालचीचे कर्ज फेडायला बांधलेली नसते. हुकूम वरून खाली येतो, जबाबदारी मात्र आपोआप खालून वर जात नाही. इथे तर वरच्या कंपनीलाच स्वतःचे कर्ज फेडता येत नव्हते.

तेव्हा रोखा किंवा ठेव घेण्याआधी तीन गोष्टी पाहा. पावतीवर नेमके कुठल्या कंपनीचे नाव आहे, आणि वरच्या कंपनीची लेखी हमी आहे का? होल्डिंग कंपनीच्या वार्षिक अहवालात एओसी-१ नावाचे पत्रक असते, त्यात प्रत्येक उपकंपनीचे भांडवल, देणी आणि नफातोटा असतो. तिथे आपली कंपनी कशी दिसते? आणि संबंधित पक्षांच्या व्यवहारांच्या टिपेत समूहातल्या समूहात दिलेली कर्जे वर्षागणिक वाढत आहेत का? बाहेरून येणारी कमाई तेवढीच आणि आपसातली उसनवारी फुगत चाललेली, असे दिसले की थांबावे.

“कंपनी कुणाची?” हे विचारायलाच हवे. त्याच्या जोडीला “तिचे संचालक कोण नेमतो आणि तिचे कर्ज फेडायला कोण बांधील आहे?” हेही विचारा. ही दोन उत्तरे दोन वेगळ्या ठिकाणी सापडत असतील, तर मधल्या फटीत आपले पैसे आहेत असे समजा.