वर्गातील शेअरबाजार

पांढुर्णा आणि सौंसर ह्या भागांतील मुलांना भाव हा शब्द नवा नसतो. संत्र्याचा बगीचा ज्याच्या घरी आहे, त्या मुलाने बागेचा सौदा होताना पाहिलेला असतो. कापसाची गाडी बाजारात नेऊन परतलेल्या वडिलांचा चेहरा पाहून त्या दिवशीचा भाव काय असावा, हेही त्याला ओळखता येते. परंतु भाव ठरतो कसा, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते. भाव व्यापारी ठरवतो, अशी बहुतेक घरांतून समजूत असते. आणि शेअरबाजाराविषयी तर तो एक जुगाराचा अड्डा अथवा झटपट श्रीमंतीचा मार्ग, अशी दोन टोकांची मते ऐकू येतात. ह्या दोन्ही समजुतींची परीक्षा एका वर्गात, काही कागदांच्या चिठ्ठ्या आणि एक फळा एवढ्या साहित्यावर घेता येते.

ह्या खेळाचा एक सोपा प्रकार असा असतो की, शिक्षक काल्पनिक कंपन्यांची नावे फळ्यावर लिहितात, आणि दर फेरीस फासा टाकून किंवा मनानेच त्यांचे भाव वरखाली करतात. मुलांना मौज वाटते. पण शिकायला मिळतो तो केवळ नशिबाचा पाठ. भाव वरून आला, आपण पैज लावली, एवढेच त्यांच्या लक्षात राहते. खेळ उपयोगी पडावयाचा असेल, तर भाव मुलांच्या स्वतःच्या मागणीपुरवठ्यातून निघाला पाहिजे.

त्यासाठी चाळीस मुलांच्या आठ टोळ्या कराव्या. प्रत्येक टोळीस एका काल्पनिक संत्रारस कंपनीचे दहा शेअर आणि कागदी एक हजार रुपये द्यावे. प्रत्येक फेरीत ज्या टोळीला घ्यावयाचे असेल, तिने किती शेअर आणि जास्तीत जास्त कोणत्या भावाने, हे चिठ्ठीवर लिहावे. विकणाऱ्याने कमीत कमी भाव लिहावा. चिठ्ठ्या गुप्त असाव्यात. समजा, पहिल्या फेरीत पहिली टोळी १२० रुपयांपर्यंत चार शेअर घेण्यास तयार आहे, दुसरी ११२ पर्यंत तीन, तिसरी १०५ पर्यंत पाच आणि चौथी १०० पर्यंत चार. विकणाऱ्यांत पाचवी टोळी ९५ ला तीन शेअर देईल, सहावी १०२ ला चार, सातवी १०५ ला तीन आणि आठवी ११५ ला पाच. आता कोणत्या भावाला सर्वांत जास्त शेअर हातांतरित होतात, हे शोधावयाचे. ११२ ला घेणारे सात शेअर मागतात, म्हणून सौदा सातांचाच होतो. १०२ ला विकणारे सातच देतात, म्हणून तेथेही सातच. १०५ ला मात्र मागणी बारांची व पुरवठा दहांचा, म्हणजे दहा शेअरांचा सौदा जमतो. भाव ठरला १०५. पहिल्या टोळीने १२० लिहिले असले तरी तिला द्यावे लागतात १०५ च. तिसरीला पाचांऐवजी तीनच मिळतात. चौथी आणि आठवी रिकाम्या हातांनी बसतात. हा भाव कोणी एकाने ठरविला नाही आणि तरीही तो सर्वांनी मिळून ठरविला, ही गोष्ट मुलांच्या ध्यानी येते. फेरी संपल्यावर सर्व टोळ्यांचे शेअर मोजून ऐंशीच भरले पाहिजेत. न भरल्यास हिशेबात चूक झाली, हे तेव्हाच कळते.

पुढच्या पाठात दुसरी एक काल्पनिक कंपनी आणावी: मजुरीवर कापसातील सरकी काढून देणारी जिनिंगची गिरणी. मग बातमीची चिठ्ठी वाचावी: गारपिटीने संत्र्याचा बहार झडला. घरी नुकसान पाहिलेले मूल म्हणेल, सर्वांचेच वाईट झाले. परंतु रसाच्या कंपनीला संत्री महाग पडणार, तर गिरणीचा त्या बातमीशी जवळपास संबंध नाही. कापसाचा भाव चढला ही बातमी गिरणीला चांगली, असे मुले लगेच म्हणतील. त्यावर विचारावे की, गिरणी मजुरी घेते ती कापसाच्या भावावर की त्याच्या वजनावर? कमी पिकामुळेच भाव चढला असेल, तर गिरणीकडे काम कमी येणार. एकाच बातमीचा अर्थ कंपनीच्या पोटात शिरल्याशिवाय लागत नाही, हे अशाने उमगते.

परंतु ह्या खेळाचा खरा धडा तिसऱ्या पाठात आहे. रसाच्या कंपनीचे आयुष्य दहाच फेऱ्यांचे आहे, असे जाहीर करावे. दर फेरीअखेर नाणे उडवावे. छापा पडल्यास शेअरमागे वीस रुपये लाभांश, काटा पडल्यास काही नाही. म्हणजे सरासरी दहा रुपये. दहाव्या फेरीनंतर शेअर कोऱ्या कागदाच्या मोलाचा. तेव्हा सुरुवातीला शेअरची किंमत शंभर, सहाव्या फेरीच्या आरंभी पन्नास आणि शेवटच्या फेरीत दहा, हे पाचवीतले मूलही काढील. फळ्यावर ही उतरती रेघ आखून ठेवावी आणि शेजारी प्रत्यक्ष सौद्याचा भाव मांडत जावे. असाच प्रयोग व्हर्नन स्मिथ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्यात फेऱ्या पंधरा होत्या. खेळणाऱ्यांना लाभांशाचे सर्व नियम ठाऊक असतानाही अनेकदा भाव हिशेबी किमतीच्या कितीतरी वर गेला आणि अखेरीस कोसळला. कारण हिशेब चुकला हे नव्हे. आपण चढ्या भावाने घेतले तरी पुढचा त्याहून चढा देईल, ही प्रत्येकाची अटकळ. तीच माणसे पुन्हा खेळली, तेव्हा हा फुगवटा ओसरत गेला. स्मिथ ह्यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कापूस पिकवणाऱ्या मुलखाला तर ह्याचे घरचे उदाहरण आहे: अमेरिकेतील यादवी युद्धामुळे भारतीय कापसाला सोन्याचा भाव आला, त्या पैशाने मुंबईत शेअरांचे वेड माजले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो डोलारा कोसळला.

खेळ बिघडतो तो बहुधा बक्षिसामुळे. अखेरीस ज्याच्याजवळ अधिक पैसे त्याला बक्षीस, असा नियम केला की मागे पडलेली टोळी उरलेले सारे एकाच डावावर लावते. आठांपैकी कोणाचा तरी डाव लागतोच, आणि ती टोळी स्वतःला शहाणी समजू लागते. म्हणून सौद्याआधी लिहिलेल्या कारणाला गुण द्यावे; आणि काहीही न घेता न विकता दहा शेअर व हजार रुपये घेऊन बसणारी एक काल्पनिक नववी टोळी फळ्यावर ठेवावी. खटाटोप करणाऱ्या किती टोळ्या तिच्या पुढे गेल्या, हे मुलांनीच मोजावे. सौद्यांतून वर्गातील एकूण पैसा एका रुपयानेही वाढलेला नसतो. वाढतो तो लाभांशाने. एकाने सौद्यात मिळविले ते दुसऱ्याने गमाविले, हे ह्या मोजणीतून उघड होते.

खऱ्या कंपन्यांच्या ताज्या भावांवर असा खेळ खेळण्याचा मोह पडतो. परंतु आभासी सौद्यांच्या आडून सट्टा माजू नये म्हणून सेबीने २०२४ मध्ये अशा खेळांना ताजे भाव पुरविण्यावर निर्बंध घातले. काल्पनिक कंपनीचा फायदा ह्याहूनही मोठा आहे: तिची खरी किंमत शिक्षकांना ठाऊक असते, म्हणून भाव तिच्यापासून किती भरकटला हे दाखविता येते. खऱ्या बाजारात ती उतरती रेघ फळ्यावर कोणी आखून देत नाही. कागदाचे पैसे गमावताना पोटात जो खड्डा पडत नाही, तो खऱ्या पैशाने पडतो. हे दोन्ही भेद सांगितल्यावाचून शेवटची घंटा होऊ देऊ नये.