आधी बार, मग बाक

कोल्हापूरच्या तालमीत जोर आणि बैठका मारायला काही विकत घ्यावं लागत नाही. ओढण्याच्या व्यायामाला मात्र दोर लागतो. घरी जिम उभारताना हाच हिशेब धरा. ठरवलेला जो व्यायाम साहित्यावाचून अडतोय, त्याचं साहित्य आधी घ्या.

समजा, आठवड्यातून तीन दिवस स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस आणि ओव्हरहेड प्रेस करायचं ठरलंय. बरेच जण आधी बाक आणतात. मी म्हणेन, पहिले पैसे बार आणि प्लेटांवर घाला. डेडलिफ्ट आणि ओव्हरहेड प्रेस तेवढ्यावर सुरू होतात. तोवर छातीला जोर आणि पायांना बैठका आहेतच.

घेताना प्लेटचं भोक बघा. पातळ रॉडच्या प्लेटांचं भोक साधारण 28 ते 30 मिलिमीटर असतं, ऑलिम्पिक बारच्या प्लेटांचं 50. आज स्वस्तातला पातळ रॉड घेतला, तर पुढे बारबरोबर सगळ्या प्लेटाही बदलाव्या लागतील. सव्वा किलोच्या प्लेटांची जोडी हवीच. नाहीतर प्रेसमध्ये एकदम 5 किलोंची उडी पडते आणि वाढ अडते. प्लेटा लहान असतील तर डेडलिफ्टला बार फार खाली राहतो, उचलताना पाठीला बाक येतो. प्लेटांखाली फळ्या ठेवून बार जमिनीपासून साधारण 22 सेंटिमीटरवर आणा.

दुसरी खरेदी स्टँडची, कारण जमिनीवरून खांद्यावर घेता येईल त्याच्या पुढे स्क्वॉटचं वजन लवकरच जातं. स्टँडला आडवे सुरक्षा दांडे हवेत. एकट्यानं बेंच करताना बार छातीवर अडकला, तर तेच वाचवतात. म्हणून बाक स्टँडनंतर.