भरलेले तास, वसूल झालेले तास



सल्लागारांची संमेलनं शहरातल्या हॉटेलांच्या हॉलमध्ये भरतात. आपण यंदा मोखाड्यातल्या पोशेऱ्यात आलो, त्याला एक कारण आहे. आपल्यातले बरेच जण गावपाण्याच्या, रस्त्यांच्या, पाणलोटाच्या योजनांचे डीपीआर करतात. त्या कामांत आपण ज्या एका आकड्यावर माणसं जोखतो, तो आकडा जव्हार-मोखाड्याच्या बाजूला हमखास फसतो. तो आकडा म्हणजे युटिलायझेशन. आज मी फक्त त्याच्याबद्दल बोलणार आहे.

हिशोब सगळ्यांना ठाऊक आहे. माणसाने ग्राहकाच्या कामाला लावलेले तास भागिले त्याच्याकडे उपलब्ध असलेले तास. भांडण सुरू होतं ते खालच्या आकड्यावरून. आठवड्याचे ४० तास आणि ५२ आठवडे धरले तर वर्षाचे २,०८० तास होतात. सुट्ट्या, रजा, आजारपण मिळून ३० दिवस वजा केले तर उरतात १,८४०. कुणी १,३८० तास ग्राहकाच्या नावावर लिहिले असतील, तर पहिल्या हिशोबाने त्याचं युटिलायझेशन ६६ टक्के आणि दुसऱ्याने ७५. माणूस तोच, काम तेच. एका फर्ममध्ये त्याला समज मिळेल आणि दुसऱ्या फर्ममध्ये शाबासकी. पुण्यात १९८१ साली सुरू झालेली इन्फोसिस अनेक वर्षं हा आकडा दोन प्रकारे जाहीर करत आली आहे, प्रशिक्षणार्थी धरून आणि प्रशिक्षणार्थी वगळून. एवढ्या मोठ्या कंपनीला जे सांगावंसं वाटलं, ते आपल्या दहा-पंधरा माणसांच्या कचेऱ्या सांगत नाहीत. ‘आमचं युटिलायझेशन ८२ टक्के’ असं म्हणून मोकळ्या होतात.

पण खालचा आकडा ही किरकोळ गोष्ट आहे. खरी फसगत वरच्या आकड्यात असते.

तासांवर पैसे मिळत असतील तर लिहिलेला तास आणि मिळालेला पैसा यांचं नातं सरळ असतं. आपली बहुतेक कामं तशी नसतात. फी ठरलेली असते आणि ती टप्प्याटप्प्याने मिळते. सर्वेक्षण झालं की इतके टक्के, ग्रामसभेचा ठराव झाला की इतके, मंजुरीनंतर उरलेले. अशा कामात जास्तीचा प्रत्येक तास टाइमशीटवर ‘बिलाचा’ म्हणूनच पडतो, पण त्याचे पैसे कुणीच देत नाही.

एक उदाहरण घेऊ. आकडे माझे आहेत, हिशोबापुरते. पोशेऱ्यासारख्या गावाच्या चार पाड्यांसाठी नळपाणी योजनेचा आराखडा करायचा आहे. ताशी हजार रुपये दर धरून ४०० तासांचं काम ठरलं, म्हणजे फी चार लाख. प्रत्यक्षात लागले ६४० तास. ते का लागले, हे पाहण्यासारखं आहे.

इथे पाऊस धो-धो पडतो आणि दिवाळी उलटली की झरे आटायला लागतात. योजना पेलवेल की नाही, हे ठरतं एप्रिल-मेमध्ये स्रोताला किती पाणी उरतं यावर. ऑक्टोबरमध्ये झऱ्याचं पाणी मोजून कागद पुरा केला की तो आराखडा उन्हाळ्यात खोटा ठरतो आणि मोजणी पुन्हा करावी लागते. आता लोकांचं पाहा. दिवाळीनंतर पाडेच्या पाडे जगायला बाहेर पडतात, वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर. शिमग्याला येतात, पुन्हा जातात आणि पेरणीच्या तोंडावर परततात. हा अनुसूचित क्षेत्राचा भाग, पेसा कायदा लागू असलेला. ग्रामसभेला टाळून इथे पुढे जाता येत नाही. जानेवारीत बोलावलेल्या सभेला कोरम भरत नाही, तारीख पुढे जाते आणि आपला माणूस ठाण्याहून भिवंडी-वाडा-जव्हार करत पुन्हा एकदा येतो. पाणी मोजायचा महिना आणि माणसं भेटायचा महिना इथे वेगवेगळे असतात. ज्याला हे ठाऊक नाही, त्याचे २४० तास जास्तीचे जातात.

महिनाअखेरीच्या तक्त्यात मात्र तोच इंजिनिअर सगळ्यांत वर दिसतो. त्याचं युटिलायझेशन ९० टक्के. चार लाखांची फी ६४० तासांत वाटली तर हातात ताशी ६२५ रुपये येतात, म्हणजे ठरलेल्या दराच्या साडेबासष्ट टक्के. या आकड्याला रिअलायझेशन म्हणतात आणि तो तक्त्यात नसतो. समजा त्याची वर्षभराची कामं अशीच गेली. १,८४० च्या ९० टक्के म्हणजे १,६५६ तास, आणि त्यांतून फर्मला आले सुमारे १० लाख ३५ हजार. शेजारच्या टेबलावरच्या बाईंचं युटिलायझेशन ७२ टक्के, रिअलायझेशन ९५. त्यांचे १,३२५ तास आणि फर्मला आलेले जवळजवळ १२ लाख ५९ हजार. वार्षिक बैठकीत कानउघाडणी कुणाची होते, हे तुम्ही जाणता.

त्या बाईंचे उरलेले २८ टक्के तास कुठे गेले? त्यातले काही खरोखरच रिकामे गेले असतील. पण फी ठरवण्याआधी त्या दोन दिवस पाड्यांवर फिरून आल्या. पाणी भरणाऱ्या बायकांना विचारून घेतलं की मेमध्ये कोणती विहीर चालू असते, कोण कधी गावात असतं. हे दोन दिवस ‘बिलाबाहेर’ पडले. त्या दोन दिवसांनीच पुढचे २४० तास वाचवले. तक्त्याने मात्र हे दोन दिवस त्यांच्याविरुद्ध मोजले.

म्हणून कमी युटिलायझेशन नेहमी चांगलं, असं मी म्हणत नाही. सलग तीन-चार महिने एखादा माणूस ५० टक्क्यांच्या आसपास असेल, तर काम आणायला आपण कमी पडतोय किंवा वरिष्ठांनी काम स्वतःजवळ दाबून ठेवलंय, हे समजायला याच्याइतका चटकन सांगणारा आकडा दुसरा नाही. सरासरी मात्र पाहू नका. एक जण ९५ आणि दुसरा ५५ असताना ७५ ही सरासरी दोघांचंही दुखणं झाकते.

आणि ९५ हे दुखणंच आहे. काम केव्हा येईल आणि किती चालेल याचा नेम नसेल, तर रांगेचं साधं गणित असं सांगतं: एकच माणूस ८० टक्के भरलेला असेल, तर एका दिवसाच्या कामाला हात लागेपर्यंत सरासरी चार दिवस जातात. ९० टक्क्यांवर नऊ दिवस. ९५ वर एकोणीस. शेवटच्या पाच टक्क्यांसाठी आपण ग्राहकाला दुप्पट ताटकळत ठेवतो. मेमध्ये झरा मोजायला जायला माणूस मोकळा नसतो, तो याच पाच टक्क्यांमुळे. झरा तर आपल्यासाठी थांबत नाही. जूनमध्ये पाऊस पडला की वर्ष गेलं.

दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. सभासद फर्मांनी युटिलायझेशन सांगताना खालचा आकडा कोणता धरला ते लिहावं, शेजारी रिअलायझेशन द्यावं, आणि ठरलेल्या फीच्या कामांत युटिलायझेशनवर कुणाची पगारवाढ ठरवू नये. त्याला विरोध करायचा असेल तर जरूर करा. फक्त त्याआधी जेवणाच्या सुट्टीत आपापल्या फर्ममधली मागच्या वर्षीची ठरलेल्या फीची तीन कामं काढा, मिळालेली रक्कम लागलेल्या तासांनी भागा, आणि मग बोलायला उभे राहा.