पोषणतक्त्यातील दोन रकाने : साखर आणि सोडियम
(रुग्णांच्या नातेवाईकांसाठी आयोजित मेळाव्यात आहारतज्ज्ञांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



रुग्ण घरी गेल्यानंतर त्याचे नातेवाईक पाकिटावरील पोषणतक्त्याचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर पाठवून विचारतात, "हे दिले तर चालेल का?" उत्तर बहुधा त्या छायाचित्रातच असते. मात्र तक्त्यातील दोन रकाने दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, हे ध्यानात घ्यावे लागते. १०० ग्रॅममागचा आकडा पदार्थ किती खारट वा गोड आहे हे सांगतो. सर्व्हिंगमागचा आकडा उत्पादकाने ठरविलेल्या एका वाढपातून पोटात किती जाईल हे सांगतो.

उदाहरणादाखल दोन छायाचित्रे घेऊ. पहिले सूपच्या पावडरीचे. पाकीट ४८ ग्रॅमचे, एक सर्व्हिंग १२ ग्रॅमचे. सोडियम १०० ग्रॅममागे ४५०० मिलिग्रॅम आणि सर्व्हिंगमागे ५४०. दुसरे खाऱ्या बिस्किटांचे. पुडा ७५ ग्रॅमचा, सर्व्हिंग १५ ग्रॅमचे. सोडियम १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम आणि सर्व्हिंगमागे १२०.

घाईत एका छायाचित्रातील ५४० आणि दुसऱ्यातील ८०० नजरेस पडतात आणि सूप बरे, असा निष्कर्ष निघतो. तो चुकीचा आहे, कारण एक आकडा सर्व्हिंगचा व दुसरा १०० ग्रॅमचा आहे. उलटपक्षी ४५०० पाहून घाबरणेही योग्य नव्हे. १०० ग्रॅम कोरडी पावडर कोणी एका वेळी पीत नाही. सर्व्हिंगची तुलना सर्व्हिंगशी केली तर सूपमधून ५४० आणि बिस्किटांतून १२० मिलिग्रॅम सोडियम जाते.

तरीही हिशेब येथे संपत नाही. सर्व्हिंग हे उत्पादकाचे माप. आपल्या घरचे माप वेगळे असू शकते. त्या पाकिटात चार सर्व्हिंग आहेत. दोघांनीच ते संपविले तर प्रत्येकाच्या वाट्यास १०८० मिलिग्रॅम येतात. बिस्किटांचा पुडा एकट्याने संपविला तर ६०० मिलिग्रॅम होतात, म्हणजे सूपच्या एका सर्व्हिंगहूनही अधिक. म्हणून खाल्लेले वजन गुणिले १०० ग्रॅममागचा आकडा, भागिले १००, हाच खरा हिशेब.

साखरेतही हेच घडते. गोड बिस्किटांत १०० ग्रॅममागे २४ ग्रॅम साखर आणि फळांच्या पेयात १०० मिलिलिटरमागे १२ ग्रॅम असेल, तर पेय निम्मे गोड वाटते. परंतु २५ ग्रॅम बिस्किटांतून ६ ग्रॅम साखर मिळते, तर २०० मिलिलिटरच्या पेयातून २४ ग्रॅम. १०० चा रकाना एकाच जातीच्या दोन पदार्थांत निवड करण्यास उपयोगी. दिवसाचा हिशेब प्रत्यक्ष प्रमाणावरच करावा.

आता छायाचित्रासंबंधी. पाकीट गोलसर वा चकचकीत असल्याने रकान्याचे शीर्षक कापले जाते किंवा दशांशचिन्ह पुसट होते. अशा वेळी दोन रकान्यांचे गुणोत्तर पाहावे. सूपच्या तक्त्यात ऊर्जा ३४० व ४१, साखर २० व २.४, सोडियम ४५०० व ५४० असेल, तर प्रत्येक ओळीत दुसरा आकडा पहिल्याच्या सुमारे १२ टक्के आहे. म्हणजे सर्व्हिंग १२ ग्रॅमचे, हे शीर्षक न दिसताही कळते. साखरेचा दुसरा आकडा २४ दिसला, तर २.४ मधील दशांशचिन्ह हरवले असे समजावे. किंचित फरक मात्र आकडे पूर्णांकात लिहिल्यामुळे पडतो.

सोडियमच्या ओळीत ५४० ऐवजी २७ दिसले, तर तो टक्केवारीचा रकाना असतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार ही टक्केवारी सर्व्हिंगमागे काढतात. तिचा आधार सामान्य प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ, आणि ५० ग्रॅम वरून घातलेली साखर असा आहे. ५४० हे २००० च्या २७ टक्के होतात. साखरेच्या दोन ओळी असतात. टक्केवारी वरून घातलेल्या साखरेची असते, एकूण साखरेची नव्हे. मधुमेही रुग्णाने त्याखेरीज एकूण कर्बोदकांची ओळही वाचावी, कारण साखर कमी असलेल्या बिस्किटांतही मैदा असतोच.

हृदयविकार वा मूत्रपिंडविकार असलेल्या रुग्णासाठी २००० ही मर्यादा गृहीत धरू नये. डॉक्टरांनी लिहून दिलेला आकडा त्याच्या जागी घालावा आणि त्यात घरच्या भाजी-आमटीतील मीठ, लोणचे व पापड यांचाही वाटा धरावा.

छायाचित्र पाठविताना संपूर्ण तक्ता, त्याची शीर्षके, सर्व्हिंगचे वजन आणि पाकिटाचे निव्वळ वजन त्यात यावे, आणि रुग्ण प्रत्यक्षात किती खाणार हेही सोबत लिहावे. एवढे कळले की उत्तर देण्यास विलंब लागत नाही.