शेजारघरचे दोन शब्द
(काका-काकूंच्या विवाहाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



आज आपल्या विवाहास पन्नास वर्षे पूर्ण झाली. आम्ही आपले सगेसोयरे नव्हे. तरीही भिंतीपलीकडच्या घराला आज बोलण्याचा मान आपण दिलात, म्हणून आमच्या घरच्या लहानथोरांच्या वतीने हे चार शब्द.

काका पांढुर्ण्याचे, काकू सावरगावच्या. मध्ये काय ती जाम नदी. १९७५ सालच्या मे महिन्यात वरात निघाली, ती विडा चघळून संपायच्या आत मांडवात पोहोचली, असे आमचे अब्बा सांगत. परंतु याच नदीवर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. पुण्यामुंबईहून आलेल्या नातवंडांसाठी सांगतो : पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि तो मिळविण्यासाठी पांढुर्णा व सावरगाव एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. शेवटी झेंडा चंडीमातेच्या मंदिरात जातो. आख्यायिका अशी की, पांढुर्ण्याचा एक तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत होता, दोन्ही काठांवरून दगड आले, आणि ती दोघे पात्रातच संपली.

ही कथा ऐकत वाढलेल्या मुलीने नदी ओलांडून संसार मांडला, तेव्हा पहिल्या पोळ्याला काकांपुढे पेच पडला. मित्र बोलवायला आले. पलीकडे मेहुणे उभे. काका म्हणाले, “त्या काठावर माझी माणसे आहेत.” त्या दिवसापासून आजवर काकांनी दगड उचललेला नाही. मित्रांनी चेष्टा पुष्कळ केली. काकांनी ती हसून घेतली.

परंतु न मारणाऱ्याच्या घरीही गोटमार येतेच. एका वर्षी काकूंचा धाकटा भाऊ आणि काकांचा पुतण्या दोघेही डोके फुटून परतले. एकाच घरात दोन्ही पक्ष कसे ठेवायचे? काकूंनी दोघांना आमच्या ओसरीवर आणले. येथे पांढुर्णाही नव्हते, सावरगावही नव्हते! अम्मीने पाणी उकळून निववले. काकूंनी जखमा धुतल्या आणि स्वच्छ कापड घट्ट दाबून धरले. कोणी हळदीचा डबा आणला, तो त्यांनी परत पाठवला. खोल जखमेत काही भरू नये, असे त्यांचे म्हणणे. भावाचे रक्त लवकर थांबले. पुतण्याची जखम लहान होती, पण तो दोनदा ओकला आणि त्याचे डोळे मिटू लागले. काकू म्हणाल्या, “हा आधी.” स्वतःच्या भावाला आमच्या अम्मीजवळ सोडून त्या काकांबरोबर पुतण्याला घेऊन दवाखान्यात गेल्या, आणि रात्रभर तेथेच बसल्या. तो पुतण्या आज समोरच्या रांगेत नातू मांडीवर घेऊन बसला आहे.

काकांच्या संत्र्यांविषयी न बोलले तर ते रागावतील. आंबिया बहारासाठी थंडीत झाडांचे पाणी तोडून त्यांना ताण द्यावा लागतो; मग पाणी सोडले की फूल धरते. हलक्या जमिनीत थोडक्यात भागते, भारी काळ्या जमिनीत ताण बसायला दिवस लागतात. काका दिवस मोजणारे, काकू पाने पाहणाऱ्या. पाने मलूल होऊन गळू लागली की त्या म्हणत, “आता पुरे.” एका वर्षी काकांनी आणखी आठवडाभर वाट पाहिली. फांद्यांचे शेंडे वाळले आणि बहार हातचा गेला. त्या वर्षी आमच्या घरी संत्री आली नाहीत. काकूंच्या तोंडून त्याबद्दल एक शब्दही आम्ही ऐकला नाही. पुढच्या हिवाळ्यात मात्र काका रोज संध्याकाळी बागेतली एक डहाळी घरी आणून, काही न बोलता, काकूंपुढे ठेवीत.

आम्ही सौंसरला शाळेत शिकवतो. पहिल्या नेमणुकीच्या दिवशी पहाटे काकूंनी डब्यात ज्वारीची भाकर आणि झुणका दिला होता. त्याच वर्षी अब्बा गेले. तेव्हा चाळीस दिवस आमच्या घरचा एकही वेळचा चहा आमच्या चुलीवर झाला नाही. याचे आभार मानण्याचा प्रयत्न अम्मीने एकदा केला होता. काकूंनी तिला फार बोलणी ऐकवली.

आता मुले म्हणतात, नागपूरला चला, तेथे दवाखाने जवळ. त्यांची काळजी खरी आहे. काकांचे गुडघे आम्हीही पाहतो. निर्णय आपला. आम्ही एवढेच सांगतो की, भिंतीतली खिडकी रात्रीही उघडी असते, आणि आमचा थोरला आता मोटार चालवायला शिकला आहे.

काका, काकू, अल्ला आपणा दोघांना निरामय आयुष्य देवो. यंदाच्या ईदेला शीरखुर्म्याचे दूध नेहमीप्रमाणे आपल्याच गोठ्यातून येऊ द्या. काकांच्या वाटीत साखर किती घालायची, ते काकूंना विचारूनच ठरवू.