घटातली ज्वारी काय सांगते : धाराशिवकडचं घरगुती नवरात्र

आजच्या भागात नवरात्राविषयी बोलायचं आहे, पण गरबा नाही आणि नऊ रंगांच्या साड्याही नाहीत. घरात बसणाऱ्या घटाविषयी बोलू. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, पण आमचं घर आणि वावर धाराशिव जिल्ह्यात आहे. आमच्याकडे घट म्हणजे देव्हाऱ्यासमोर नऊ दिवसांसाठी केलेलं एक छोटं शेतच असतं. ते नीट उगवलं तर का उगवलं आणि नाही उगवलं तर कुठं बिघडलं, हे मला सांगायचं आहे. उदाहरण २०२५ सालचं घेतो, कारण त्या वर्षी सगळंच अवघड होतं.

आधी तुळजापूरचं थोडं सांगतो, कारण आमच्या भागात सगळ्याची सुरुवात तिथून होते. घटस्थापनेच्या आधी तुळजाभवानीची मूर्ती सिंहासनावरून पलंगावर नेतात. तिला मंचकी निद्रा म्हणतात. प्रतिपदेला देवी पुन्हा सिंहासनावर येते, देवळात घट बसतो आणि मग गावोगावच्या घरांत बसतात. पोरं तुळजापूरहून पायी ज्योत घेऊन येतात. काही घरांत त्याच ज्योतीवर घटाचा दिवा लावतात.

आता घट कसा बसवायचा ते बघा. बांबूची टोपली किंवा पसरट परात घ्यायची. तळाला पत्रावळ अंथरायची आणि त्यावर वावरातली माती चाळून दोन-तीन बोटं उंच पसरायची. मध्ये मातीचा घट ठेवून त्यात पाणी, सुपारी, हळकुंड आणि नाणं टाकायचं. तोंडाला विड्याची पाच पानं लावून वर नारळ ठेवायचा. घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरायचं. आमच्याकडे ज्वारी, गहू, हरभरा, करडई आणि जवस पेरतात. हे सगळं रब्बीचं धान्य आहे. म्हणजे काही दिवसांनी जे वावरात जायचं, तेच आधी देवीपुढं पडतं.

इथं पहिली मेख आहे ती धान्याच्या मापाची. दाट उगवावं म्हणून मूठ-मूठ धान्य टाकलं की दाणे एकमेकांवर पडतात, मधल्यांना हवा मिळत नाही आणि ते कुजतात. फूटभर रुंद टोपलीला सगळं मिळून दोन मुठी धान्य पुरतं. हरभरा फुगून मोठा होतो आणि जास्त पाण्यात सगळ्यांत आधी सडतो, म्हणून आई तो कडेला आणि विरळ टाकते.

दुसरी मेख खुद्द घटाची. मातीचा घट पाझरतो. त्याच्या अंगातल्या बारीक छिद्रांतून पाणी हळूहळू बाहेर येतं आणि भोवतीच्या मातीला ओल मिळत राहते. आजच्या भाषेत हे ठिबक सिंचन झालं. पण हल्ली बाजारात ऑइलपेंटनं रंगवलेले, नक्षीचे घट मिळतात. दिसायला छान असतात, पण रंगानं छिद्रं बुजलेली असतात आणि घट पाझरतच नाही. चौथ्या दिवशी माती कोरडी पडते आणि माणसं म्हणतात, यंदा घट काही उगवला नाही. तांब्याचा कलश ठेवणाऱ्यांचंही तेच होतं, त्यांना रोज हातानं पाणी शिंपडावंच लागतं. घट पाझरतो की नाही हे बघायचं असेल तर आदल्या रात्री पाणी भरून कोरड्या फरशीवर ठेवा. सकाळी बाहेरून ओलसर लागला आणि खाली ओल्याचा गोल उमटला, तर घट चांगला.

एकदा बसलेला घट हलवायचा नाही, नारळही उचलायचा नाही. म्हणून रोज पानांच्या फटीतून फुलपात्रानं थोडं पाणी सोडतात. रोजची पूजा तशी साधी असते. सकाळी दिव्यात तेल घालायचं, काजळी झाडायची, माळ बांधायची, संध्याकाळी आरती. पहिली माळ विड्याच्या पानांची, पुढं तरवडाची किंवा कारळ्याची पिवळी फुलं, नंतर झेंडू. प्रत्येक माळ आधीच्या माळेशेजारी सोडतात, जुनी काढत नाहीत. अखंड दिव्याला आमच्याकडे दिवसाला साधारण पाव लिटर तेल लागतं. वात बदलायची वेळ आली की आजी आधी शेजारी दुसरा दिवा त्याच ज्योतीवर लावते, मग मोठ्याची वात बदलते. चालू सर्व्हरचं काम करताना आम्ही कंपनीत हेच करतो, फक्त त्याला नाव मोठं देतो.

आता २०२५ कडे येतो. त्या वर्षी घटस्थापना २२ सप्टेंबरला होती आणि दसरा २ ऑक्टोबरला. तृतीया दोन दिवस आल्यामुळं नवमीपर्यंत दहा दिवस झाले. नऊ माळा की दहा, असा प्रश्न घरोघर होता. आमच्याकडे दिवसाला एक असा हिशेब, म्हणून दहा माळा झाल्या.

पण खरा प्रश्न माळांचा नव्हताच. नवरात्राच्या तोंडावरच मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. आमच्या जिल्ह्यात परंडा आणि भूम तालुक्यांत पाणी गावांत शिरलं, बोटी आणि हेलिकॉप्टरनं माणसं काढावी लागली. आमच्या घरात पाणी आलं नाही, पण काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं होतं. घटाला माती आणायची तर वावरात पाय गुडघ्यापर्यंत रुतत होता.

काळ्या मातीचं असं आहे की ती पाणी धरून ठेवते. चिखल तसाच टोपलीत भरला तर वर पापडी धरते आणि खाली दाणा गुदमरतो. म्हणून आईनं बांधावरची उंचावरची माती आणली, रात्रभर पंख्याखाली पोत्यावर पसरली आणि सकाळी चाळून तिच्यात जुनं, कुजलेलं शेणखत मिसळलं. तिची परीक्षा सोपी आहे. माती मुठीत दाबून सोडायची. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, बोट लावताच फुटला तर माती तयार. हवा दमट होती, माती वाळत नव्हती, म्हणून घटात रोज पाणीही घातलं नाही. दिवसाआड तेही थोडंच.

पाचव्या माळेला, म्हणजे २६ तारखेला बघितलं तर गहू दोन बोटं वर आला होता आणि करडईनं पानं उघडली होती. ज्वारी मात्र जागोजाग उगवलेली, मध्ये टक्कल, आणि दाण्यांवर पांढरं काहीतरी. आता पांढरं दिसलं की लगेच बुरशी म्हणू नका. कोवळ्या मुळांना केसासारखे पांढरे तंतू असतात, ते अगदी बुरशीसारखेच दिसतात. वरून पाण्याचा बारीक शिडकावा करा. मुळांचे तंतू भिजून मुळाला चिकटतात आणि दिसेनासे होतात, बुरशी कापसासारखी तशीच राहते आणि तिला कुबट वास येतो. आमच्या ज्वारीवर बुरशीच होती.

आजी तेव्हा जे बोलली ते मला महत्त्वाचं वाटतं. ती म्हणाली, “सगळं गेलं असतं तर पाणी चुकलं म्हणले असते. एकटी ज्वारीच गेली, म्हणजी बी बघा.” टोपली तीच, माती तीच, पाणी तेच. मग एकच धान्य मागं पडत असेल तर दोष त्या धान्यात शोधायचा. आणि घटातली ज्वारी आली होती पेरणीसाठी राखलेल्या पोत्यातूनच.

अर्थात घट म्हणजे उगवणक्षमतेची चाचणी नव्हे. त्यात दाणे मोजलेले नसतात, खोली सारखी नसते. घट फक्त शंका दाखवतो. म्हणून वडिलांनी रीतसर चाचणी घेतली. बियाण्याची पोती दोन होती, एक खाली आणि एक त्यावर. दोन्हींतून न निवडता शंभर-शंभर दाणे घेतले, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडले, गुंडाळी करून सावलीत ठेवलं आणि रोज पाणी शिंपडलं. सहाव्या दिवशी सोडून मोजलं. वरच्या पोत्यातले ८६ उगवले, खालच्यातले ५८. ज्वारीच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७५ टक्के उगवण लागते. खालच्या पोत्याला जमिनीची ओल लागली होती.

५८ टक्क्यांचं बी पेरायचं तर हिशेबानं एकरी चार किलोऐवजी सव्वापाच किलो लागलं असतं. पण ओल खाल्लेलं बी उगवलं तरी रोप अशक्त निघतं, नुसतं माप वाढवून ते भरून येत नाही. म्हणून वडिलांनी ते पोतं बाजूला काढलं आणि वरच्या पोत्यातूनच पेरायचं ठरवलं. वावराला वाफसा नसल्यानं पेरणी लांबलीच होती, त्यामुळं चाचणीला वेळ मिळाला. सोयाबीन गेलेल्या वर्षी रब्बीची ज्वारीही विरळ उगवली असती, तर घरात खायला आणि जनावरांना कडबा, दोन्हींची ओढ झाली असती.

आठव्या-नवव्या दिवशी घटावर फुलोरा बांधतात. कडाकण्या आणि करंज्या दोऱ्यात ओवून टांगायच्या. मग कुमारिकापूजन. देवीभागवतात दोन ते दहा वर्षांच्या मुली सांगितल्या आहेत आणि प्रत्येक वयाला नाव आहे. दोन वर्षांची कुमारिका, तीनची त्रिमूर्ती, चारची कल्याणी, पाचची रोहिणी, सहाची कालिका, सातची चंडिका, आठची शांभवी, नऊची दुर्गा, दहाची सुभद्रा. एक वर्षाची नको, कारण तिला चव-वास कळत नाही असं म्हणतात. म्हणजे जेवणाऱ्या मुलीला जेवणाची गोडी कळावी, ही अपेक्षा आहे.

नऊ वयांच्या नऊ पोरी एका गल्लीत कधीच मिळत नाहीत. आई जात-भावकी न बघता मिळतील तेवढ्या बोलावते. पाय धुवायचे, हळद-कुंकू लावायचं, गजरा माळायचा आणि पुरणपोळी वाढायची. १ ऑक्टोबरला, नवमीला, सात पोरी आल्या. त्यातल्या तिघींच्या घरात ओढ्याचं पाणी गेलं होतं. दरवर्षी आई रुमाल आणि बांगड्या देते. त्या वर्षी तिनं पोरींना आधीच विचारलं, शाळेचं काय काय भिजलं? आणि त्याप्रमाणं वह्या, कंपासपेटी आणि एकीला दप्तर आणलं. सहा वर्षांच्या कालिकेनं दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिसरी बहिणीसाठी कागदात बांधून मागितली. आईनं चार बांधून दिल्या.

दसऱ्याला घट उठवतात. अंकुर उपटून देवीला वाहतात, पुरुष टोपीत खोवतात, बायका केसांत माळतात. ते पिवळे का असतात, असं पुष्कळजण विचारतात. देव्हाऱ्यात ऊन नसतं, म्हणून रोप हिरवं न होता उंच आणि पिवळं वाढतं. तो रोग नाही. उरलेली माती आणि रोपं आम्ही वावराच्या बांधावर टाकतो.

तर यंदा घट बसवाल तेव्हा दोन गोष्टी करा. घट न रंगवलेला घ्या. आणि शेती असेल तर बाजारातून सप्तधान्याची पुडी आणू नका, पेरणीच्या पोत्यातलंच बी घाला आणि कुठलं धान्य कोणत्या बाजूला टाकलं ते लक्षात ठेवा. पाचव्या माळेला नीट वाकून बघा. तुमच्याकडे घटात कोणती धान्यं आणि कोणत्या फुलांच्या माळा असतात, ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.